आतड्याच्या भिंतीतला उलटा पंप

१९७८ साली न्यूयॉर्कच्या काही हृदयरोगतज्ज्ञांनी २७ रुग्णांच्या रक्ततपासण्या एकत्र मांडल्या. हे रुग्ण आधीपासून डिजॉक्सिन घेत होते, आणि ठोक्यांची लय बिघडल्यामुळे त्यांना क्विनिडीन नावाचं दुसरं औषध सुरू केलं होतं. डिजॉक्सिनचा डोस होता तेवढाच होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. तरी २५ जणांच्या रक्तातलं डिजॉक्सिन वाढलेलं निघालं. सरासरी आकडा मिलिलिटरमागे १.४ नॅनोग्रॅम होता, तो ३.२ वर गेला. त्या काळी २ च्या वर गेलं की धोका मानत. बऱ्याच जणांची अन्नावरची वासना उडाली होती, मळमळत होतं, उलट्या होत होत्या.

ही दोन्ही औषधं तेव्हा नवी नव्हती, आणि दोन्ही वनस्पतींकडून आलेली. ज्या सिंकोनाच्या सालीतून हिवतापावरचं क्विनीन येतं, तिच्यातूनच क्विनिडीन मिळतं. डिजॉक्सिन येतं फॉक्सग्लव्हच्या एका लोकरी जातीच्या पानांतून. कित्येक वर्षं डॉक्टर ती जोडीने लिहून देत होते. मग एवढी ढळढळीत गोष्ट इतके दिवस नजरेतून कशी सुटली? एक तर रक्तातलं नॅनोग्रॅमभर डिजॉक्सिन मोजायची सोयीची पद्धतच साठच्या दशकाच्या अखेरीस आली. दुसरं म्हणजे क्विनिडीननेही पोट बिघडतं, त्यामुळे उलट्या त्याच्याच नावावर जमा होत राहिल्या.

डिजॉक्सिन हे तोलूनमापून वापरायचं औषध आहे. नेहमीची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० गोळ्यांत मिळून एक ग्रॅम औषध. उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातलं अंतर इतकं थोडं की आपल्याकडे ही गोळी आठवड्यातले पाच दिवस घ्या आणि दोन दिवस सुट्टी द्या, असं सांगायची पद्धत पडली. प्रमाण वाढलं की आधी भूक जाते, मग मळमळ. काहींना सगळं पिवळट-हिरवट दिसू लागतं, आणि पुढे हृदयाची लयच बिघडते. जी लय ताळ्यावर आणण्यासाठी औषध चालू केलं तीच.

क्विनिडीनमुळे हे कसं होतं याचा उलगडा व्हायला वीस वर्षं लागली. नेहमीचा संशयित होता यकृत. बरीच औषधं यकृतात मोडली जातात, आणि एका औषधाने हे काम अडवलं की दुसरं रक्तात साचतं. पण डिजॉक्सिन फारसं मोडतच नाही. बहुतांश जसंच्या तसं किडनीवाटे बाहेर पडतं. स्नायूंना चिकटलेलं डिजॉक्सिन क्विनिडीन सोडवून रक्तात आणत असेल, असाही एक तर्क होता, पण त्याने सगळा हिशोब लागत नव्हता. खरं कारण दुसऱ्याच एका संशोधनातून पुढे आलं, आणि ते कर्करोगावरचं होतं.

टोरांटोमध्ये रुडी ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी वाढवत होते. त्यांनी या पेशींना कोल्चिसीनची सवय लावली. कोल्चिसीन हे आपल्या कळलावीच्या कंदातलंही विष. हळूहळू प्रमाण वाढवत नेलं तसतशा काही पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, आणि गंमत म्हणजे त्या रसायनाशी काहीही नातं नसलेल्या इतर औषधांनाही दाद देईनात. १९७६ साली या दोघांनी दाखवलं की अशा पेशींच्या पटलावर एक मोठं प्रथिन भरपूर प्रमाणात दिसतं. तेच पी-ग्लायकोप्रोटीन. आत शिरलेलं औषध पकडून ते बाहेर फेकत होतं.

दहा-अकरा वर्षांनी हेच प्रथिन धडधाकट माणसाच्या शरीरात शोधलं, तेव्हा ते नेमक्या मोक्याच्या जागी सापडलं. लहान आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरात, यकृतातून पित्त जिथे उतरतं तिथे आणि किडनीच्या नलिकांत. पुढे मेंदूच्या केशवाहिन्यांतही. जिथे जिथे शरीराचा आतला भाग आणि बाहेरचा भाग एकमेकांना भिडतात तिथे हा पंप बसवलेला आहे, आणि त्याचं तोंड कायम बाहेरच्या बाजूला.

तो मेंदूच्या दारात काय करतो हे ॲमस्टरडॅमच्या उंदरांनी दाखवलं. आल्फ्रेड शिंकेल यांच्या प्रयोगशाळेत हा पंप नसलेले उंदीर तयार केले होते. पिंजऱ्यांत गोचिडीसारख्या बारीक किड्यांचा उपद्रव झाला म्हणून आयव्हरमेक्टिन फवारलं. एरवी या औषधाने उंदरांना काही होत नाही. पण पंप नसलेले उंदीर पटापट मेले. तपासलं तर त्यांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिनचं प्रमाण साध्या उंदरांच्या सुमारे नव्वद पट होतं. हे १९९४ सालचं. पंप नसेल तर काय होतं, याचा याहून स्पष्ट पुरावा मागायची गरज उरली नाही.

आता आतड्यात येऊ. आतड्याची भिंत म्हटलं की काहीतरी जाडजूड डोळ्यांसमोर येतं. पण अन्न आणि रक्त यांच्यामध्ये खरा अडसर असतो तो एकाच पेशीच्या जाडीचा. या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की डिजॉक्सिनसारख्या मोठ्या रेणूला दोन पेशींच्या फटीतून सहसा जाता येत नाही. पेशीच्या एका बाजूने आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने रक्तात उतरायचं, हाच रस्ता. पेशीच्या अन्नाकडच्या बाजूला ब्रशच्या केसांसारखा दाट झुबका असतो, आणि त्या झुबक्याच्या पटलात पी-ग्लायकोप्रोटीन खोचलेलं असतं. रक्ताकडच्या बाजूला ते नसतं. त्यामुळे या पंपाचा एकच धंदा: आत आलेला रेणू आला तिकडे परत पाठवायचा.

हे प्रथिन १,२८० अमिनो आम्लांच्या एकाच लांब साखळीचं असतं. तिचे दोन जवळजवळ सारखे अर्धे भाग असतात आणि त्या दोघांच्या मध्ये एक प्रशस्त पोकळी. सुरुवातीला पोकळीचं तोंड पेशीच्या आतल्या बाजूला उघडं असतं. पेशीचं पटल स्निग्ध असतं, त्यामुळे तेलात विरघळणारे रेणू त्यातून पुढे सरकत असतात. सरकता सरकता असा एखादा रेणू बाजूने पोकळीत घुसतो. मग प्रथिनाच्या तळाशी एटीपीचे दोन रेणू येऊन बसतात. एटीपी म्हणजे पेशीचं इंधन. ते बसले की दोन्ही अर्धे भाग खालून आवळले जातात, पोकळीचं आतलं तोंड मिटतं, बाहेरचं उघडतं आणि रेणू आतड्याच्या पोकळीत जाऊन पडतो. एटीपी मोडलं की प्रथिन पुन्हा पहिल्यासारखं होतं.

ही पोकळी तिच्या निवडीबाबत फारच ढिली आहे. बहुतेक प्रथिनं ठरावीक आकाराचाच रेणू घेतात, पण इथे एकाच वेळी दोन लहान रेणूही मावतात, आणि पोकळीच्या भिंतीवर पकडायला बऱ्याच जागा आहेत. रेणू मोठासा असावा, तेलकट प्रवृत्तीचा असावा, त्यात कड्यांची रचना असावी, अधूनमधून नायट्रोजन असला तर उत्तमच, एवढ्याच ढोबळ अटी. म्हणून डिजॉक्सिन, कोल्चिसीन, कर्करोगावरची पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं आणि एचआयव्हीवरची काही औषधं अशी एकमेकांशी काही संबंध नसलेली मंडळी एकाच पंपाच्या तावडीत सापडतात.

तरी पंपाच्या तावडीत सापडणारं प्रत्येक औषध आतड्यात अडकतंच असं नाही, आणि इथे लोकांचा गोंधळ होतो. रक्तदाबावरचं व्हेरापामिल पंपाला चांगलं चिकटतं, पण ते पेशीतून इतक्या वेगाने पार होतं की पंपाने एक रेणू बाहेर टाकेपर्यंत कितीतरी पलीकडे पोचलेले असतात. दुसरं म्हणजे पंपांची संख्या मोजकी असते. औषधाचा डोस शेकडो मिलिग्रॅमचा असेल तर आतड्यात त्याची गर्दी होते, सगळे पंप कामाला लागतात आणि उरलेलं औषध निवांत आत जातं. पंप खरा जाचक ठरतो तो थोड्या डोसाच्या आणि हळू झिरपणाऱ्या औषधाला. पाव मिलिग्रॅमच्या डिजॉक्सिनची पंपांना दमवण्याइतकी गर्दी होऊच शकत नाही. आणि यकृत त्याला हात लावत नसल्यामुळे रक्तातल्या आकड्यात जो फरक पडेल तो जवळजवळ पंपामुळेच पडतो. म्हणूनच संशोधकांनी पंपाची परीक्षा घ्यायला हेच औषध कसोटीचं ठरवलं.

परीक्षा अशी घेतात. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या गाठीपासून मिळालेल्या काको-२ नावाच्या पेशी बारीक छिद्रांच्या गाळणीवर वाढवतात. तीन आठवड्यांत त्यांची सलग चादर तयार होते. वरची बाजू अन्नाकडची, खालची रक्ताकडची. एका तबकात डिजॉक्सिन वर टाकून खाली किती उतरलं ते ठरावीक वेळाने मोजतात. दुसऱ्यात ते खाली टाकून वर किती आलं ते बघतात. पंप नसता तर दोन्ही वेग सारखेच आले असते. डिजॉक्सिनच्या बाबतीत खालून वरचा वेग कितीतरी जास्त येतो. हे गुणोत्तर २ किंवा त्याहून जास्त आलं की पंपाचा संशय धरायचा. मग त्याच चादरीवर संशयित अडवणारा पदार्थ टाकायचा. गुणोत्तर १ च्या दिशेने घसरलं तर त्याने पंप अडवला. क्विनिडीन टाकलं की ते असंच घसरतं.

माणसांत याचा उलटा पुरावा स्टुटगार्टच्या संशोधकांनी १९९९ साली दिला. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना क्षयावरचं रिफॅम्पिसिन रोज ६०० मिलिग्रॅम असं काही दिवस दिलं. लहान आतड्याच्या सुरुवातीचे सूक्ष्म तुकडे दुर्बिणीतून काढून तपासले, तर रिफॅम्पिसिननंतर तिथलं पी-ग्लायकोप्रोटीन सरासरी साडेतीन पट झालं होतं. तोंडावाटे दिलेलं डिजॉक्सिन रक्तात सुमारे तीस टक्क्यांनी कमी पोचलं. तेच डिजॉक्सिन शिरेतून दिलं तेव्हा फरक बराच कमी पडला आणि किडनीचं काम होतं तसंच राहिलं. म्हणजे जे घडलं ते आतड्यातच घडलं. भारतात ही गोष्ट पुस्तकापुरती नाही. हृदयाच्या झडपेचा विकार आणि क्षय एकाच माणसाला असणं इथे दुर्मिळ नाही. रिफॅम्पिसिन चालू असताना डिजॉक्सिन कमी पडतं म्हणून डोस वाढवला, आणि क्षयाचे उपचार संपल्यावर तो कमी करायचा राहून गेला, तर दोनतीन आठवड्यांत वाढीव पंप ओसरतात आणि रुग्ण उलट्या करत डॉक्टरांकडे येतो.

क्विनिडीनचं कोडं या माहितीनंतर सुटलं. एरवी शिरेतून दिलेलं डिजॉक्सिनसुद्धा थोड्या प्रमाणात रक्तातून आतड्याच्या पोकळीत झिरपताना दिसतं, कारण पंप ते मागून ओढून बाहेर टाकतो. स्वयंसेवकांच्या आतड्यात नळी घालून, एक तुकडा दोन्हीकडून बंद करून त्यात क्विनिडीन सोडलं तेव्हा हे झिरपणं कमी झालं. किडनीतल्या पंपालाही क्विनिडीन अडवतं, त्यामुळे लघवीवाटे जाणारं डिजॉक्सिनही घटतं. येण्याचा रस्ता मोकळा आणि जाण्याचा तुंबलेला, म्हणून आकडा दुपटीवर गेला. हा सगळा दोष एकट्या आतड्यावर टाकणारे लेख वाचायला मिळतात. ते अर्धंच खरं आहे.

आता अडवणं म्हणजे नेमकं काय, ते बघू. सगळ्यात साधा प्रकार झटापटीचा. क्विनिडीन स्वतःही पंपाचं गिऱ्हाईक आहे. ते पोकळीत बसलं की डिजॉक्सिनला जागा नाही. दुसरा प्रकार जास्त मजेशीर आहे. काही रेणू पटलातून इतक्या वेगाने आरपार जातात की पंपाने बाहेर टाकल्या टाकल्या ते परत आत येतात. कुंपणाबाहेर हाकललेली शेळी दुसऱ्या खिंडारातून लगेच आत शिरावी, राखण्याने दिवसभर तिच्याच मागे धावावं आणि तेवढ्यात बाकीच्यांनी शेत चरावं, तसलाच हा प्रकार. पंप चालू असतो, एटीपी जळत असतं, पण डिजॉक्सिनकडे बघायला त्याला सवड नसते. व्हेरापामिल पंपाला अडवतं ते बहुधा असंच. तिसऱ्या प्रकारात रेणू पोकळीत न जाता खाली एटीपीच्या बैठकीजवळ चिकटतो आणि इंधनच तोडतो. कांद्यात आढळणाऱ्या क्वेर्सेटिनसारखे काही फ्लेव्होनॉइड असं करतात, असे पुरावे आहेत.

वनस्पतींतलेच पदार्थ या यादीत इतके का, याला दोन उत्तरं आहेत. पहिलं सरळ आहे. झाडाला पळता येत नाही, त्यामुळे ते खाणाऱ्याला त्रास होईल असली रसायनं बनवतं. ही रसायनं सहसा तेलात विरघळणारी, कड्यांची, बऱ्याचदा नायट्रोजन असलेली असतात, म्हणजे पंपाच्या पोकळीला आवडतात नेमकी तशी. प्राण्यांच्या आतड्यात हा पंप असण्याचं एक मोठं कारणही हेच असावं. लाखो वर्षं पानं, बिया, साली खाणाऱ्या पोटाला असलं काही दारातूनच परतवायची सोय हवी होती. अशा हजारो रेणूंत काही इतके घट्ट चिकटतात की पंपाचा खोळंबा होतो.

दुसरं उत्तर दारुहळदीच्या घराण्यातून येतं, आणि ते जिवाणूंबद्दलचं आहे. या वनस्पती बर्बेरीन नावाचं जंतुनाशक बनवतात, पण पू करणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू आपल्या पंपाने ते बाहेर टाकतो. २००० साली असं दिसलं की याच घराण्यातल्या काही वनस्पती आणखी एक पदार्थ बनवतात, ज्यात स्वतःची जंतुनाशक ताकद नाही, पण जो जिवाणूचा तो पंप अडवतो. दोन्ही एकत्र आले की जिवाणू मरतो. हाच पदार्थ पूर्वी कुष्ठरोगावर वापरत त्या चौलमोगऱ्याच्या तेलातही थोडासा सापडला होता. तो पंप पी-ग्लायकोप्रोटीन नव्हे, वेगळ्या घराण्याचा आहे. पण झाडं विष आणि पंपाचा अडसर यांची जोडी लावतात याचा हा पुरावा आहे. मिरीच्या वेलाने माणसाच्या आतड्याचा विचार करून पिपेरीन बनवलं, असं मात्र यावरून कोणी म्हणू नये.

मिरीचं नाव आलंच आहे, तर आपल्याकडे तिच्यावर बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सुंठ, मिरी आणि पिंपळी हे त्रिकटू आयुर्वेदातल्या असंख्य कल्पांत असतं. औषध अंगी लागायला मदत करायची हे तर त्याचं काम नसेल ना, ही शंका जम्मूच्या प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी सत्तरच्या दशकात घेतली आणि मिरी-पिंपळीतल्या पिपेरीनवर काम सुरू केलं. त्याच प्रयोगशाळेच्या परंपरेतून पुढे क्षयावरची एक गोळी आली, जिच्यात नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन आणि १० मिलिग्रॅम पिपेरीन आहे. २००२ साली काको-२ पेशींच्या चादरीवर दिसलं की पिपेरीन डिजॉक्सिनचं बाहेर फेकलं जाणं खरोखर अडवतं. अडवणूक अर्ध्यावर यायला लिटरमागे सुमारे ४.४ मिलिग्रॅम पिपेरीन पुरलं.

आता हा आकडा जेवणाशी जुळवून बघू. अमेरिकेच्या औषध नियामकांचा एक ठोकताळा आहे. पदार्थाचा डोस पाव लिटर पाण्यात विरघळला असं धरा, त्याची तीव्रता काढा, आणि ती अर्ध्या अडवणुकीच्या तीव्रतेच्या दहा पट किंवा त्याहून जास्त आली तर माणसांत तपासणी करा. मिरीत साधारण पाच टक्के पिपेरीन धरलं तर आमटीतल्या आपल्या वाट्याच्या चिमूटभर, म्हणजे १०० मिलिग्रॅम मिरपुडीत ५ मिलिग्रॅम पिपेरीन आलं. पाव लिटरमध्ये ते लिटरमागे २० होतं. ४.४ ने भागलं तर साडेचार पट. ठोकताळ्याच्या खाली. एक ग्रॅम मिरपूड घेतली तर लिटरमागे २०० आणि भागाकार पंचेचाळीस. ठोकताळ्याच्या खूप वर. पण इथे कागदी हिशोब फसतो. पिपेरीन पाण्यात लिटरमागे सुमारे ४० मिलिग्रॅमच विरघळतं. तूप, तेल आणि पित्त यांच्यामुळे थोडं जास्त विरघळेल, पण बाकीचं मिरीच्या कणांतच अडकून राहतं आणि हळूहळू सुटतं. म्हणजे पंचेचाळीसचा आकडा प्रत्यक्षात नऊ-दहाच्या आसपास आला.

यावरून रोजच्या रश्शातल्या मिरीची भीती बाळगायचं कारण दिसत नाही. कॅप्सूलमधलं शुद्ध पिपेरीन वेगळं. ते मिरीच्या कणांत अडकलेलं नसतं, एकदम सुटतं आणि रोज ठरल्या वेळी घेतलं जातं, बऱ्याचदा नेमकं सकाळच्या गोळ्यांबरोबर.

हळद आणि मिरीच्या जोडीची जाहिरातही याच गोष्टीवर उभी आहे, असा समज आहे. १९९८ साली बंगळुरूमध्ये दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरीन दिलं तेव्हा रक्तातलं कर्क्युमिन वीस पटींनी वाढलं. आकडा खरा आहे, पण याचं मुख्य श्रेय पंपाला जात नाही. कर्क्युमिन आतड्याच्या पेशीत शिरतं आणि तिथेच, नंतर यकृतात, त्याला साखरेसारखा एक रेणू जोडून शरीर ते निकामी करतं. पिपेरीन हे जोडणंही अडवतं. ते एकाच वेळी दोनतीन ठिकाणी हात घालतं, त्यामुळे कुठल्या औषधाचं किती वाढेल हे एका औषधावरून दुसऱ्याबद्दल सांगता येत नाही. आणि जवळजवळ शून्याची वीस पट किती होते, हेही जाहिरातीत लिहीत नाहीत.

पपनसाच्या जातीतलं ग्रेपफ्रूट हे या विषयातलं आणखी एक प्रसिद्ध नाव. त्याच्या रसाने काही रक्तदाबाच्या गोळ्यांचं प्रमाण भलतंच वाढतं, पण तो दोष मुख्यतः आतड्यातल्या एका विकराचा आहे. पंपाच्या कसोटीच्या औषधावर, म्हणजे डिजॉक्सिनवर, त्या रसाचा माणसांत फारसा परिणाम दिसला नाही. दुसऱ्या टोकाला युरोपात उदासीवर घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट आहे. ते अडवत नाही, उलट रिफॅम्पिसिनसारखे जास्त पंप बनवायला लावतं. १० दिवस घेतल्यावर डिजॉक्सिन सुमारे पाव हिश्श्याने घटलं होतं. आयुर्वेदिक किंवा वनौषधी म्हणजे निरुपद्रवी, हे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण इथे औषध कमी पडल्याचं कोणाच्या लक्षातच येत नाही. जास्त झालेलं औषध उलट्या करवतं, कमी पडलेलं गप्प बसतं.

क्विनिडीन आता क्वचितच वापरतात. पण पंप अडवणारं दुसरं औषध तितक्याच सहज हातात पडतं. क्लॅरिथ्रोमायसीन हे छातीच्या संसर्गावरचं आणि पोटातल्या व्रणाच्या जंतूवरचं प्रतिजैविक. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात डिजॉक्सिन घेणाऱ्या वयस्कर रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा डिजॉक्सिनच्या विषबाधेने भरती झालेल्यांत आदल्या आठवड्यात क्लॅरिथ्रोमायसीन घेतलेले असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे बारा पट निघाली. खोकल्याचं औषध देणारा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा. डिजॉक्सिन घेणाऱ्या माणसाला नवीन औषध किंवा काढा चालू केल्यावर आठवड्याभरात भूक गेली, तर ते साधं पित्त समजून सोडा घेण्यापेक्षा रक्तातलं डिजॉक्सिन आणि पोटॅशियम तपासलेलं बरं. पोटॅशियम कमी असेल तर तेवढ्याच डिजॉक्सिनने जास्त बाधा होते. रक्त गोळी घेतल्यानंतर सहा तासांनी, शक्य असेल तर पुढच्या गोळीच्या आधी काढायचं, नाहीतर औषध अजून ऊतींत पसरलेलं नसतं आणि आकडा उगाच मोठा येतो.

पंप अडवून औषध पोटातून देता येईल का, हा विचार औषध कंपन्यांच्या डोक्यात फार आधीपासून आहे. पॅक्लिटॅक्सेल हे यू नावाच्या झाडाच्या सालीतून सापडलेलं कर्करोगाचं औषध शिरेतूनच द्यावं लागतं, आणि ते विरघळवायला जे तेल वापरतात त्याचीच ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. साध्या उंदरांत तोंडावाटे दिलेलं पॅक्लिटॅक्सेल अकरा टक्के रक्तात पोचतं, पंप नसलेल्या उंदरांत पस्तीस. मग एन्सेक्विडार नावाचा एक अडसर बनवला, जो स्वतः रक्तात जवळजवळ जात नाही आणि आतड्यातल्याच पंपाला अडवतो, म्हणजे मेंदूच्या आणि किडनीच्या पंपाला धक्का लागत नाही. कल्पना नामी होती. स्तनाच्या कर्करोगावरच्या चाचणीत गाठ आक्रसण्याचं प्रमाण शिरेतल्या औषधापेक्षा चांगलं दिसलं, हातापायांना मुंग्या येणं कमी झालं. पण तोंडावाटे औषध घेणाऱ्यांत पांढऱ्या पेशी घटून होणारे गंभीर परिणाम जास्त दिसले, आणि २०२१ साली अमेरिकेच्या नियामकांनी परवानगी नाकारली. पंप अडवला तरी प्रत्येकाच्या आतड्यात पंप किती, यकृतातला विकर किती आणि गोळी पोटातून किती वेगाने पुढे सरकते, हे सगळं माणसागणिक बदलतंच. शिरेतून दिलेला डोस मात्र पुरता रक्तात पोचतो.